एक आणि दोनच्या मधली जागा

पौर्णिमा आमच्या साखर कारखान्यात आली तेव्हा तिच्यात एकच दोष होता: माणसं नियमानं वागतात असं तिला वाटायचं. मुरुम गावाजवळच्या खेड्यातली पोरगी, कॉम्प्युटर शिकलेली. वडील शाळामास्तर, त्यामुळे हा दोष बहुधा घरूनच आलेला. मी शेती विभागात बावीस वर्षं क्लार्क. मला तो कधीच जडला नाही.

तिला काम दिलं ऊसतोडीच्या यादीचं. लागणीच्या तारखेप्रमाणे चौदाशे शेतकऱ्यांची नोंद आणि त्याच क्रमानं तोड, हे छापील नियमात आहे. नियमाखाली यादी असते आणि यादीवर माझं बोट. चेअरमनसाहेबांचा फोन आला की मी एखादं नाव मोबाइलवर धरून वर ओढायचो. जुन्या ॲपमध्ये एक नाव हललं की खालच्या सगळ्यांचे नंबर बदलायचे. शिवारात रेंज नसली की शेतावर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयच्या मोबाइलवर अर्धी यादी जुनी, अर्धी नवी. मात्र एक मोठी सोय होती. सगळ्यांचेच नंबर बदलल्यामुळे कोण कुठून आलं ते ब्रह्मदेवालाही कळत नसे.

पौर्णिमानं ती सोय मोडली. "लिंबाजीकाका, एकासाठी चौदाशे जणांना कशाला हलवायचं? ज्याला हलवलं, त्यालाच मधला नंबर द्यायचा. एक आणि दोनच्या मध्ये दीड. एक आणि दीडच्या मध्ये सव्वा. बाकीचे आपापल्या जागी." पडद्यावर मात्र पहिला, दुसरा, तिसरा असंच दिसायचं, अपूर्णांक आत. मी तिचं तोंडभरून कौतुक केलं आणि कामाला लागलो.

आमच्याकडे एक प्रथा आहे. पहिली तोड संस्थापकांच्या फडातली, म्हणजे आता त्यांच्या पत्नी शांताक्कांची. तोड झाली तरी नाव यादीत तसंच राहतं. त्यांच्या वर जायची कुणाची छाती नाही. म्हणून प्रत्येक वजनदार माणूस बरोबर त्यांच्या खाली घुसतो. आज घुसलेल्याला उद्याचा खाली ढकलतो. एवढीच काय ती आमच्यातली समता.

नोंदीत खरा दुसरा नंबर होता सरुबाईंचा. पावणेदोन एकर ऊस, त्याला आता तुरे आलेले, वजन रोज घटतंय. दर सोमवारी त्या ऑफिसात यायच्या.

"साहेब, माझी तोडीची टोळी कवा? ऊस वाळून चाललाय की वो."

"येईल, मावशी," मी म्हणायचो. हे वाक्य मला बिनचूक येतं.

डिसेंबरात चेअरमनच्या मेहुण्याला, महालिंगप्पाला, मी नेहमीसारखं शांताक्कांच्या खाली ओढलं आणि तो थेट त्यांच्या वर जाऊन बसला. कारखान्यात हाहाकार! सरुबाई पन्नासच्या खाली गेल्या तेव्हा कुणाची झोप उडाली नव्हती. शांताक्का दुसऱ्या झाल्या आणि तासाभरात बैठक बसली. शांताक्का स्वतः आल्या.

पौर्णिमा उभी राहिली. "चूक माझीय. एक आणि दोनमधली जागा बावन्न वेळा अर्धी करता येते. त्रेपन्नाव्याला कॉम्प्युटरमध्ये आकडा मावत नाही, तो सरळ एक होतो, म्हणजे आक्कांचाच नंबर. बरोबरी झाली की ॲप शेवटी हललेल्याला वर दाखवतं. एकाच ठिकाणी इतके घुसतील असं वाटलं नव्हतं. मी नवीन होते."

चेअरमन घाईनं म्हणाले, "मग आहे त्या क्रमानं सगळ्यांना नवे नंबर लावून टाका. एक, दोन, तीन."

"एका बटणाचं काम आहे, सर. पण मग सरुबाई कायमच्या पंचावन्न होतील."

"कोण सरुबाई?" शांताक्कांनी विचारलं.

"तुमच्यानंतरच्या. त्यांचा नंबर आजही दोनच आहे, आक्का. त्या हलल्याच नाहीत. अपूर्णांक फक्त घुसवलेल्यांना लागतात." तिनं पडदा भिंतीवर टाकला. वर एक, खाली दोन, आणि मध्ये लांबलचक अपूर्णांकांची बावन्न प्रतिष्ठित नावं; त्रेपन्नावा महालिंगप्पा आक्कांच्या एकवरच. चेअरमन पंख्याकडे बघू लागले. मी माझ्या बोटाकडे.

शांताक्का म्हणाल्या, "माझ्यामागं तिचाच ऊस तोडा. उद्याच."

मी जन्मजात तत्परतेनं मोबाइल काढला, सरुबाईंचं नाव वर ओढायला. पौर्णिमानं माझा हात धरला.

"काका, त्यांना हात लावू नका. वर जागाच उरली नाही. या त्रेपन्न जणांना त्यांच्या नोंदीच्या नंबरवर परत पाठवते, बस."

त्रेपन्न नावं खाली गेली. सरुबाई आपोआप दुसऱ्या दिसू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तोडीची चिठ्ठी घेऊन मीच त्यांच्या शेतात गेलो. पौर्णिमानं मुद्दाम पाठवलं, माझी खात्री आहे. अर्धा फड पोकळ झाला होता.

"साहेब, नंबर वर कसा आला वो?"

"वर नाही आला, मावशी. तुमचा दोनच होता."

"पयल्यापासनं?"

"व्हय."

त्यांनी चिठ्ठी घेतली, घडी घातली. "मग दर सोमवारी येत हुते मी. तवा का सांगितलं न्हाय?"

'येईल, मावशी' आता चालणार नव्हतं; मी यादीवरचं ते बोट मुठीत लपवलं. लाज वाटली, खरंच.