तोट्याचा कागद

आप्पा गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी झाला आणि मंगळवारी काका एक झेरॉक्स घेऊन आमच्या दारात हजर. मांडवाचे बांबू अजून अंगणात पडलेले होते. रडून रडून आईचा आवाज बसला होता. या माणसाला आठवडाभर दम धरवला नाही, याचा राग मला इतक्या वर्षांनंतरही जसाच्या तसा येतो.

आप्पा म्हणजे माझे वडील, आणि काका म्हणजे त्यांचे भागीदार. कुरकुंभच्या एमआयडीसीत दोघांची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. केमिकलवाल्यांना लागणाऱ्या टाक्या, शिड्या, पाइपलाइनी तिथं बनायच्या. निम्मे शेअर आमचे, निम्मे त्यांचे. आप्पा आधीच्या कारखान्यात वेल्डर होते. तिथून निघताना मिळालेली सगळी पुंजी त्यांनी यात घातली. काकांची भांडगावकडं बागायत, त्यांना ऊस होता, ओळखी होत्या, बँकेच्या मॅनेजरसमोर खुर्चीत बसायची सवय होती. दौंडच्या आमच्या बौद्धवाड्यातला माणूस आणि भांडगावचा बागायतदार एकाच पाटीखाली डायरेक्टर, याचं लोकांना कौतुक होतं. मलाही होतं, मंगळवारपर्यंत.

"वैनी, तुमच्यापासून काय लपवायचं? कंपनी तोट्यात गेली," काका म्हणाले. झेरॉक्सच्या तळाला एका आकड्याभोवती त्यांनी पेनानं गोल काढून आणला होता. "हे बघा, निव्वळ तोटा. आता हे तुमच्या डोक्याला कशाला? शेअर माझ्या नावावर करा, दर्शनी किमतीचे, म्हणजे शेअरवर छापलेत तेवढे पैसे मी रोख देतो. पुढच्या साली ते शेअर रद्दीत घालायची पाळी येईल, मंग मला बोल लावू नका."

सोबत टाइप करून आणलेला करारही होता. आईनं सही केली असती तर आप्पांच्या सगळ्या आयुष्याचे तिच्या हाती आले असते जेमतेम दोन वर्षांच्या किराण्यापुरते पैसे. पेन्शन नाही, जमीन नाही. जे काही होतं ते त्या कंपनीतच होतं.

माझा चुलता भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "करून टाका वैनी. एवढा मोठा माणूस स्वतः घरी आलाय." मोठा माणूस घरी आला की आपण लगेच अंगठा पुढं करायचा, ही आमच्यात मुरलेली खोड. मी त्यावर असं काही बोलले की चुलता दोन महिने माझ्याशी बोलला नाही. आई एवढंच म्हणाली, "शनिवारी कंपनीत येती भावजी. तिथंच बघू."

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. ताळेबंदाची गणितं मी ढिगानं सोडवली होती. दोन्ही बाजूंची बेरीज जुळली की मार्क, नाही जुळली की पुन्हा सुरुवातीपासून. हा कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे तीन वर्षांत एकाही मास्तरानं सांगितलं नाही. तरी काका उठून गेल्यावर एवढं माझ्या ध्यानात आलं, की करारासोबत ते फक्त नफा-तोटा पत्रक ठेवून गेलेत. हिशोबाचा दुसरा कागद, ताळेबंद, त्यांनी आणलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनजवळच्या सीएच्या ऑफिसात गेले. कंपनीचं ऑडिट तेच करायचे. मी झेरॉक्स पुढं केली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, पाठ कोरी होती.

"ताळेबंद कुठंय?"

"तेच विचारायला आले."

ते जरा घुटमळले. काकांसारखं गिऱ्हाईक त्यांना सोडायचं नव्हतं, ते कळत होतं. मग त्यांनी फाइल काढली आणि पूर्ण संच माझ्यापुढं ठेवला. "यावर तुमच्या वडिलांची सही आहे. त्यांच्या वारसांना दाखवायला मला कुणाची परवानगी नको. पण मी काही शिकवलं, असं बाहेर बोलू नका."

शिकवायची गरज पडली नाही. संतापानं माझं डोकं भलतंच चालायला लागलं होतं.

नफा-तोटा पत्रक एकाच वर्षाबद्दल बोलत होतं. एप्रिलपासून मार्चपर्यंत कामाचे किती आले, खर्च किती झाला. खर्चात काय होतं? नव्या बेंडिंग मशीनचा घसारा, म्हणजे मशीन झिजल्यापोटी पुस्तकात मांडलेली रक्कम, जी त्या वर्षी कुणाच्या हातात रोख दिलेली नसते. त्या मशीनच्या कर्जाचं व्याज. काकांचा त्याच वर्षी वाढवलेला पगार. आणि काकांच्या मुलाचा नवाकोरा पगार, मॅनेजर म्हणून. ते पोरगं मी शेडमध्ये एकदाही पाहिलं नव्हतं. तोटा खोटा नव्हता, हे मला कबूल करावं लागलं. बेरीज बरोबर होती. पण तो एका वर्षाचा तोटा होता, आणि काका त्याच्यावर अख्ख्या कंपनीचा भाव ठरवत होते.

कंपनी किमतीची किती, हा प्रश्न ताळेबंदाला विचारायचा असतो. एकतीस मार्चला कंपनीजवळ काय आहे, त्यातलं कुणाकुणाचं देणं आहे, आणि ते वजा जाता मालकांचं काय उरतं. जवळ बरंच काही होतं. एमआयडीसीचा प्लॉट होता, तोही जुन्या घेतल्या किमतीला मांडलेला. शेड, मशीनं, लोखंडाचा साठा, गिऱ्हाइकांकडून येणं, बँकेतली ठेव. दुसऱ्या बाजूला मशीनचं कर्ज आणि लोखंडवाल्यांची बिलं. आणि आधीच्या सगळ्या वर्षांचा न वाटलेला नफा, राखीव म्हणून साठत आलेला. यंदाचा तोटा त्यातून वजा होऊनही तो भरभक्कम उरला होता. देणी काढून मालकांचं जे उरत होतं, त्याच्या निम्म्यापुढं काकांची दर्शनी किंमत म्हणजे भीक होती.

मग देण्यांच्या बाजूला एका ओळीवर माझी नजर अडली. 'डायरेक्टरांकडून घेतलेली रक्कम', आणि पुढं आप्पांचं नाव. फक्त आप्पांचं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तुमच्या वडिलांचा पगार," सीए म्हणाले. "दरवर्षी खर्चात पडायचा, पण ते पूर्ण उचलायचे नाहीत. कंपनीला लागतील म्हणून ठेवायचे. न उचललेला पगार कंपनीवर त्यांचं देणं म्हणून इथं साठत गेला."

मी पर्समधून काकांचा करार काढला. शेवटून दुसऱ्या कलमात लिहिलं होतं, आमचे कंपनीकडे कसलेही येणे बाकी नाही. मंगळवारी ते मी वाचलं होतं आणि वकिली भाषेतली भरताड समजून सोडून दिलं होतं. शेअर मातीमोल भावानं घ्यायचे आणि वर त्याच सहीत मेलेल्या माणसाचा पगारही पुसून टाकायचा! सीएंनी पाणी मागवलं, मी प्यायले नाही.

शनिवारी आम्ही कुरकुंभला गेलो. आई, मी आणि तोंड फुगवलेला चुलता. केबिनच्या काचेपलीकडं आप्पांच्या हाताखाली शिकलेले वेल्डर काम करत होते. काकांनी चहा मागवला, कराराची आणखी एक प्रत आईपुढं सरकवली आणि टोपण काढून पेन तिच्याजवळ ठेवलं.

मी ताळेबंद त्या करारावर ठेवला.

काकांनी तो एका नजरेत ओळखला. "ह्ये समदं पुस्तकातलं असतंय पोरी. धंदा तोट्यात हाय ह्ये तर खरं का न्हाई?"

"यंदा तोट्यात आहे, खरंय," मी म्हणाले. "काका, दोन सालांमागं तुमचा ऊस वाळून गेला होता. घातलेलं खतसुद्धा निघालं नाही, तुम्हीच आमच्या घरी बसून सांगितलं होतं. तेव्हा वावर काय भावानं विकायला काढलं होतंत?"

काकांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"कुणी पाच-पन्नास हजारांत मागायला आला असता तर त्याला दारात उभं केलं असतंत? ऊस गेला म्हणून विहीर जात नाही, मोटर जात नाही, जमीन जात नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मग आईला नुसता वाळलेला ऊस का दाखवला?"

चुलता माझा हात दाबत होता. मी तो झटकला आणि आप्पांच्या नावावर बोट ठेवलं. "आणि हे येणं. कसलंही येणं बाकी नाही, असं कुणाच्या सांगण्यावरून टाइप केलं?"

"मी त्याला पगार ठेव म्हणलो न्हवतो," काका एकदम चिडून म्हणाले. "त्योच म्हणायचा, कंपनी उभी राहू दे."

"आन् तुम्ही?" आईनं विचारलं. केबिनमध्ये आल्यापासून ती पहिल्यांदा बोलली. "तुमचा पगार तुम्ही उचलत हुता का, भावजी?"

उत्तर ताळेबंदात होतंच. काकांच्या नावाची ओळ त्यात नव्हती.

आईनं सही केली नाही. पुढं सीए मधे पडले. आप्पांचं येणं हप्त्यानं चेकनं द्यायचं, आणि शेअर विकायचे झालेच तर भाव ताळेबंद आणि प्लॉटची आजची किंमत धरून ठरवायचा, असं कागदावर आलं. निम्मे शेअर आमचे, त्यामुळं आमच्या सहीशिवाय त्यांचा एकही ठराव पुढं सरकणार नव्हता, म्हणून काका वाकले. शरमेनं वाकले, असं मला कधीच वाटलं नाही.

संध्याकाळी मी घरी जिंकल्याच्या थाटात बोलत होते. आई खानावळीची कणीक मळत होती. ही खानावळ तिची. कुरकुंभच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांचे डबे ती पहाटे उठून भरायची. माझी फी, घरभाडं, आप्पांचं औषध, सगळं त्या डब्यांवर चालायचं. कंपनीकडं पैसे नाहीत, पगार निघत नाही, असं आप्पा सांगायचे आणि ती परातीत आणखी पीठ घ्यायची.

"वाच परत ह्यांच्या नावाची वळ," ती म्हणाली.

मी वाचली. रक्कमही वाचली. तिनं हात थांबवले.

"म्हंजी पगार निघत हुता."

"निघत होता. पण आप्पा तो कंपनीला..."

"मला म्हणलं, निघत न्हाई." तिचा बसलेला आवाज फाटला. "समद्यांच्या पुढं खरं लिवलं. त्या सीएपुढं, सरकारपुढं, त्या भावजीपुढं. खाली सही केली. आन् मला खोटं सांगितलं." आप्पा गेल्यापासून ती रडत होती, पण त्यांच्यावर चिडलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिनं पिठाच्या हातानंच कागद माझ्याकडून ओढून घेतला.

"ह्यांनी कंपनीला दिलं, ते हितं लिवलंय. मंग मी ह्यांना दिलं, ते कुठं लिवलंय? दाव मला."

मी दोन्ही कागद वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले, तिच्या नावाची ओळ कुठंच नव्हती. सकाळी काकांना सुनावताना माझ्याजवळ सगळी उत्तरं होती.

पहिला चेक आला तेव्हा मी म्हणाले, आप्पांच्या आणि तुझ्या जॉइंट खात्यात भरू या. ती नाही म्हणाली. दुपारचे डबे गेल्यावर बँकेत जाऊन तिनं एकटीच्या नावाचं खातं उघडलं.