पलीकडची वेळ

ट्रकतळावर माझ्या मामाला सगळे कोंबडा म्हणत. हा वेळेआधी हजर, वर उशिरा येणाऱ्याला टोमणा मारायला तयार.

त्याचा माल नदीपलीकडच्या देशात जायचा. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा एक तास मागे. पुलाजवळ फोन कधी आपला टॉवर पकडायचा, कधी पलीकडचा, आणि टॉवर सांगेल ती वेळ दाखवायचा. मागच्या खेपेला या उड्यांपायी गोदामावरचा नंबर हुकला, तेव्हा मामा वैतागला. ‘फोन आहे की झोपाळा?’ या वेळी निघताना एका जुन्या ड्रायव्हरने त्याला सेटिंगमधली आपोआप वेळ बंद करून पलीकडची वेळ हाताने लावायला शिकवलं. परत आल्यावर ती पुन्हा चालू करायची, हे मात्र सांगायचं राहिलं.

मामी तेव्हा दवाखान्यात, अतिदक्षता विभागात होती. मामा निघाला तेव्हा ती बरी होत होती. तो पलीकडे पोचला आणि तिची तब्येत ढासळली. शुद्ध आली की ती मामाबद्दलच विचारायची. माल उतरवून तो तसाच माघारी फिरला.

तळावर पोचल्यावर त्याने पलीकडचं सिम काढून आपलं घातलं. आपलं सिम आलं की आपली वेळ येते, एवढंच त्याला अनुभवाने ठाऊक होतं. पण ती वेळ सिममध्ये नसते, टॉवरकडून येते, आणि आपोआप वेळ बंद असली की फोन टॉवरचं ऐकत नाही. फोनमध्ये तीन वाजले होते. भेटीची वेळ चार ते पाच. मामाने तळावरच्या नळावर अंघोळ केली, मग न्हाव्याकडे रांगेत बसला. दाढी वाढलेला माणूस पाहून ती घाबरेल, असं त्याने न्हाव्याला सांगितलं. न्हावी म्हणाला, नवरदेव दिसताय.

दवाखान्याच्या दारावर तो पोचला तेव्हा रखवालदार आतून कडी घालत होता.

“अहो, आत्ताच तर चार वाजलेत,” मामा म्हणाला आणि फोन पुढे केला.

रखवालदाराने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच वाजून गेले होते. मामाने विनवण्या केल्या. आतून परिचारिका आली, म्हणाली, आत्ता डॉक्टर तिच्यापाशीच आहेत, उद्या या.

मामी त्याच संध्याकाळी गेली.

मी पोचलो तेव्हा मामा बाकावर बसला होता. गाल गुळगुळीत, फोन मांडीवर. मी सेटिंग उघडून आपोआप वेळेचं बटण चालू केलं. थोड्या वेळाने आकडे एक तास पुढे सरकले.

“एवढंच होतं?” त्याने विचारलं.

मी हो म्हणालो.

“आली होती शुद्धीवर, परिचारिका म्हणाली. मी न्हाव्याकडे होतो तेव्हा.”

मी फोन त्याच्या मांडीवर परत ठेवला.

मामा अजून गाडी चालवतो. पुलाजवळ फोन उड्या मारतो, तो त्या मारू देतो. उशिरा येणाऱ्याला आता तो काही बोलत नाही, आणि त्याला कोणी कोंबडाही म्हणत नाही.