रत्नमालाबाईंनी रिकामा परत पाठवलेला डबा

हिंदी मुलखातल्या या मालवीय नगरात, आमच्या इमारतीत, मी तळमजल्यावर राहते. त्यामुळे कोण कधी आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, हे मला कळतंच. मी विचारत नाही, लोक जिन्यात मोठ्याने बोलतात.

पहिल्या मजल्यावर रत्नमालाबाई. साताऱ्याच्या. फौजी नवरा गेल्यावर इथेच एका शाळेत मुख्याध्यापिका झाल्या. घरात दुसरं माणूस नाही. दर रविवारी एकच्या सुमारास वरून, दुसऱ्या मजल्यावरून, अनुसयेची हाक यायची, "बाई, पानं घेतली." तिचा नवरा उत्तम रेल्वेत, मुलगी हर्षाली बाईंच्याच शाळेत नववीला. आठवड्यातलं ते एक जेवण बाई चारचौघांत जेवायच्या.

मग हर्षालीला सामाजिक शास्त्राच्या प्रकल्पाला पाचपैकी दोन गुण मिळाले. अनुसयेने त्या वहीला स्वतः गोट्याची, म्हणजे इथल्या जरीच्या फितीची, किनार शिवली होती. दोन गुण जणू तिलाच पडले. तिने तक्रार लिहिली, करंज्यांच्या डब्याखाली घातली आणि बाईंच्या दारात ठेवली.

बाईंनी करंज्यांसकट डबा माझ्या हाती दिला. "वर पोचवा. आणि अर्ज शाळेच्या ऑफिसात द्यायला सांगा."

"अहो, करंजीने काय गुन्हा केला?" मी म्हटलं.

"तुम्ही खा. डबा तेवढा धुऊन द्या."

मी खाल्ल्या. पण डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली रीत. मी चिमूटभर साखर टाकणार होते. बाई म्हणाल्या, "नको. त्यात काही घातलं तर तेही उत्तरच होईल."

रिकामा डबा बघून अनुसया म्हणाली, "मोठी आली न्यायाधीश."

पण अर्ज उत्तमने ऑफिसात दिला. आठ दिवसांनी शाळेच्या शिक्क्याचं, बाईंच्या सहीचं पत्र आलं. हिंदीत होतं, उत्तमने जिन्यातच वाचून दाखवलं: "आदरणीय उत्तमजी, आपली काळजी मी समजते. मी आपली शेजारी असल्याने फेरतपासणी दुसऱ्या शिक्षिकेकडे, नाव झाकून दिली. गुण तेच आले. मजकूर इंटरनेटवरून छापून चिकटवलेला आहे, स्वतःच्या शब्दांत नाही, नकाशा नाही. सजावटीला गुण नाहीत, हे वर्गात आधी सांगितलं होतं. गुण बदलता येणार नाहीत. शनिवारी दहा ते बारा येऊन वही अवश्य पाहावी. हर्षाली हुशार आहे, पुढचा प्रकल्प ती स्वतः छान करेल."

शनिवारी दोघं मुलीला घेऊन गेले. तिथलं उत्तमनेच मग जिन्यात सांगितलं. वही समोर येताच हर्षाली म्हणाली, "मतलब, नकाशा मी काढलाच नव्हता, आई." अनुसयेने वही मिटली आणि ती तडक परतली.

रविवारी बाईंचं दार एक वाजल्यापासून उघडं होतं. दोन वाजले, वरून हाक आली नाही. मीच ताट घेऊन गेले.

"आज उपास आहे," बाई म्हणाल्या.

"रविवारी? कुठल्या देवाचा हो?"

हसल्या, ताट घेतलं. मी अर्धा तास बडबडले, सगळ्या इमारतीची उणीदुणी काढली. बाई मान हलवत होत्या, पण कान वरच्या मजल्यावरच्या भांड्यांकडे होते. तिथली पानं उचलली गेल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी पहिला घास घेतला.