सहज

लंडनजवळ क्रॉयडनच्या ज्या कंपनीत माझा मित्र शशिधर खानोलकर औषधांच्या गोदामाचं काम बघत होता, तिने मार्चमध्ये त्याला रिडंडंट केलं, म्हणजे ही जागाच आता नको म्हणून घरी पाठवलं. तेव्हापासून तो करिअर-साइटवर आपलं प्रोफाइल कोण बघतंय एवढंच बघत बसतो. परवा तिथे नाव दिसलं: देविका गुप्ते, सप्लाय चेन.

त्याने लगेच मेसेज लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला, "तुम्ही माझं प्रोफाइल पाहिलंत. मी काय मदत करू शकतो?"

मी म्हटलं, "पुसून टाक. खिडकीतून डोकावलेल्या बाईला दंडाला धरून घरात ओढतोयस."

मग आम्ही दोघांनी बसून नवी नोट लिहिली. प्रोफाइल पाहिल्याचा उल्लेख नाही, नोकरीचा नाही, सीव्ही जोडलेला नाही. "नमस्कार देविका, लसी थंड ठेवून पोचवण्यावरची तुमची पोस्ट आवडली. मीही याच कामात होतो. कधी बोलावंसं वाटलं तर जरूर कळवा, उत्तराची घाई नाही. सहज लिहिलं." आपल्या लोकांना काही हवं असलं की हाच 'सहज' आधी पुढे येतो. तो तेवढा मी राहू दिला.

संध्याकाळी उत्तर आलं.

"किती छान लिहिलंत, अजिबात चिकटपणा नाही. खरं म्हणजे तुमच्याच कंपनीत सोमवारी जॉइन होतेय, तुमच्याच जागेवर, फक्त पदाचं नाव बदललंय. काम नक्की काय असतं ते कळावं म्हणून तुमचं प्रोफाइल उघडलं होतं. थोडं शिकवाल का? उत्तराची घाई नाही. सहज विचारलं."