देवाला सांगितलेली अट

माझ्या मावशीने घर आणि माडांची बाग पुतण्याला द्यायची ठरवली, तेव्हाच मला भीती वाटली होती. मी मालवणात शाळेत शिकवत होते. मावशीला मूलबाळ नव्हतं, आणि हे सगळं तिच्या वडिलांनी रीतसर तिच्या नावावर करून दिलेलं. पुतण्या म्हणजे तिच्या दिराचा मुलगा, मुंबईत गिरणीत होता.

वकिलांनी तिला समजावलं होतं. "बाई, मृत्युपत्र करा. तुमच्या माघारी त्यालाच मिळेल, आणि तोवर मन बदललं तर कागद बदलता येईल. बक्षीसपत्र केलंत की आजच तो मालक."

"मरणाचो कागद माका नको," मावशी म्हणाली. "आपल्या हातान दिलेला बरा."

"मग मरेपर्यंत राहायचा हक्क तरी त्यात घालू."

"घरच्या पोराक अटी कित्याक? मी देवाक गाऱ्हाणा घातलंय. मी मरासर मी हंयच ऱ्हवतलंय."

खरंच, आदल्या सोमवारी तिने देवळात नारळ ठेवून, पुतण्याला शेजारी उभं करून, गुरवाकडून देवापुढे तसं मागणं, म्हणजे गाऱ्हाणं, घालून घेतलं होतं. तिच्या लेखी अट तिथे पक्की झाली. बक्षीसपत्र नोंदवलं गेलं, पुतण्याने स्वीकारल्याची सही केली, साक्षीदार म्हणून मीही केली. त्या दिवशी मावशी इतकी खूश होती की माझी भीती मलाच खुळी वाटली.

दोन पावसाळे गेले. मग पुतण्याने बाग विकायला काढल्याचं बाजारात कानावर आलं. मी मावशीला घेऊन पुन्हा वकिलांकडे गेले.

"तुम्हाला कुणी फसवलं? धाक घातला?" वकिलांनी विचारलं.

"नाय. मी खुशीन दिलंय."

"मग मोडायचं कशावर? कागदात अट नाही. नुसतं मन बदललं म्हणून दिलेलं परत घेता येत नाही. मृत्युपत्र असतं तर आज फाडलं असतंत."

"आणि देवाक सांगितला ता?"

वकील बिचारे वरमले. "देव कोर्टात साक्षीला येत नाही, बाई. आता पुतण्यानेच राहायचा हक्क रजिस्टर करून दिला, तरच."

मे महिन्यात पुतण्या आला, सोबत गिऱ्हाईक. मावशीने त्याला ओसरीवर बसवून सोलकढी दिली.

"काकी, देवाशपथ, तुका कोण भायर काढूचो नाय," तो आपणहून म्हणाला.

जन्मभर देवाच्या शब्दावर चाललेली माझी मावशी हळूच म्हणाली, "मगे रजिस्टर करून दी."

तो हसला. "बघुया मगे," म्हणत गिऱ्हाइकाला माड दाखवायला उठला. मी रागाने त्याचा पेला उचलला.

पूजेची वेळ झाली होती. मावशी परडी घेऊन अंगणातल्या जास्वंदीपाशी गेली. तिनेच लावलेली ती. तिने फांदी ओढली, थांबली, आणि बागेकडे वळून पुतण्याला हाक मारून विचारलं.

"रे, फुला काढू मां?"