ओट्याखालचा उतार

असोद्याच्या त्या गल्लीत मी गटाराचा पाइप तीनदा टाकला. पाण्याला शंभर फुटांत फूटभर उतार हवा, हे मला पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. पण एवढ्या लांब गल्लीत तेवढा उतार द्यायचा तर खालच्या टोकाला, आबांच्या ओट्याशी, छातीएवढं खोदावं लागणार होतं. गावात म्हाताऱ्या माणसाच्या ओट्याला कुणी टिकाव लावत नाही. मी उथळ खोदून शंभर फुटांना चार इंच उतारावर भागवलं.

पंधरा दिवसांत पाइप तुंबला. पाणी जायचं, पण रमतगमत. भांडी घासलेली राख आणि संडासातला मैला वाटेतच बसायचा. गल्ली म्हणाली, पाइप लहान पडला, मोठा टाका. मी मुकाट्याने मोठा टाकला. तेवढंच पाणी त्या रुंद पाइपात तळाशी पसरलं, आणखी संथ झालं आणि तो आठवड्यात भरला. दोन वर्षं मी बांबूच्या कामट्या घेऊन तिथे ओणवा होतो. कंबर तिथेच गेली.

शेवटी आबांपुढे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मंग खोद ना."

जुनाच लहान पाइप पुन्हा घातला, या वेळी फूटभर उतारावर. पाणी राख घेऊन धावत गेलं. ओट्यावरून बघत आबांनी विचारलं, "हे पहिलेच काऊन नाही सांगतलं?"

दोन वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचा नकार मीच देऊन ठेवला होता.