रिंग दहा फुटांवरच होती

मापाच्या बाबतीत मी जमदग्नी. मालवण किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात मी पीटीचा मास्तर होतो, आणि एखादी रेघ बोटभर वाकडी पडली तर तेवढ्यावरून आरडाओरडा करायचो. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. नियमांचं पुस्तक मीटरमध्ये, आमची टेप फुटांची. रात्र घालवून मी आकडे उतरवले होते. व्हॉलीबॉल अठरा मीटर बाय नऊ, म्हणजे एकोणसाठ फूट बाय साडेएकोणतीस. बास्केटबॉल सव्वीस बाय चौदा, म्हणजे पंच्याऐंशी फुटांहून किंचित जास्त लांब आणि सेहेचाळीसला इंचभर कमी रुंद. बोर्ड शेवटच्या रेघेपासून चार फूट आत. रिंग जमिनीपासून दहा फूट.

ऐनाच्या लाकडाचे खांब पुरले, रिंगा लोहाराने केल्या. उंची मी स्वतः काठी लावून मोजली, दोनदा. मग खांबावर जमिनीलगत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आणि मनातून तो विषय काढून टाकला. व्हॉलीबॉलची जाळी रोज संध्याकाळी बांधावी लागे, म्हणून तिच्या मध्याला रोज काठी लागे. आठ फुटांना अर्ध्या बोटाएवढी कमी, मुलांनासुद्धा पाठ. रिंग काय, ती लोखंडी. ती कुठे पळून जाणार?

पावसाळा संपला की मैदानाची पार वाट लागलेली असायची. मग दिवाळीच्या आधी पालक आणि पोरं मिळून घरचं खळं, म्हणजे अंगण, करतात तसं मैदान करायची: लाल माती टाकायची, पाणी मारायचं, चोपण्याने धपाधप चोपायचं, वर शेणाचा सडा. फरक एवढाच, की घरचं अंगण आधी खणतात आणि मग चोपतात. मैदान खणायचा सगळ्यांनाच कंटाळा. "वरसून माती घातली तरी चलात," असं कोणीतरी म्हणालं, आणि मीही म्हटलं, चालेल. पाच वर्षं चाललं.

पाचव्या वर्षी अकरावीत एक मुलगा होता, किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या रापणकराचा. पंधरा फुटांवरच्या रेघेवर उभा राहून दहातले नऊ चेंडू टाकायचा. बापाने त्याला बजावलं होतं, जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर कोल्हापूरच्या कॉलेजात जा, खेळाडूला तिथे राहायची सोय आहे. नाहीतर होडीवर ये. बाप वाईट नव्हता. घरात दुसरा कमावता हात नव्हता, एवढंच.

आमच्या बाजूला बास्केटबॉलचं दुसरं मैदान नव्हतं, आम्ही आपसांतच खेळायचो. निवडीला रत्नागिरीला गेलो. पोराने पहिला चेंडू टाकला, तो रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत आला. दुसरा तसाच. तिसराही. दहातले दोन गेले. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "हातात जोर नाही काय रे? जेवला नाहीस?" मग तो जोर लावायला गेला, तर चेंडू बोर्डावरून उडाला. निवड झाली नाही.

मी तिथल्या सरांशी भांडलो, तुमची रिंग उंच आहे म्हणून. त्यांनी शांतपणे काठी आणली. बरोबर दहा फूट. "काठीच खोटी असेल," असंही मी म्हणालो. जीभ माझी पहिल्यापासून अशीच.

परत आल्यावर तावातावाने आमची रिंग मोजली. नऊ फूट पाच इंच. पुन्हा मोजली, तेवढीच. खांबाच्या बुडाशी कुदळ घातली. सात इंच माती काढल्यावर माझी पांढरी रेघ लागली. रिंग होती तिथेच होती. जमीन वर आली होती.

दोन दिवस मी कोणाला सांगितलं नाही. लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांना सांगून पोराच्या गावी, आचऱ्याला गेलो. बापाने त्याचं शाळेतलं नाव आदल्याच दिवशी काढलं होतं. पोरगा किनाऱ्यावर बापाबरोबर रापण ओढत होता. दोर सोडून आला. मी सगळं सांगितलं, माती, रेघ, सात इंच. निवड समितीला पत्र घालतो म्हणालो. खरंतर संघ ठरून गेला होता, हे त्यालाही माहीत होतं.

तो म्हणाला, "म्हणजे सर, माझो हात बरोबर होतो मां?"

"होय रे," मी म्हटलं. "तुझो हात बरोबर होतो. माझाच माप चुकला."

मागून बापाने हाक मारली, तसा तो वळला आणि पुन्हा दोराला लागला.

दर दिवाळीला मैदान आधी खणून मगच चोपायचं, हा नियम मी त्या वर्षी केला. त्या पोराच्या उपयोगाचा तो नव्हता.